वाक्याच्या शेवटी आलेला ‘इन’ चूक का नाही?

इंग्रजीच्या वह्या तपासताना ‘आय हॅव नो हाऊस टू लिव्ह इन’ या वाक्यातल्या शेवटच्या ‘इन’भोवती लाल गोल काढणारे शिक्षक अजूनही भेटतात. वाक्य प्रिपोझिशनने संपवायचे नाही, असे त्यांना त्यांच्या शिक्षकांनी सांगितलेले असते. गंमत अशी, की हेच वाक्य आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत बरोबर उत्तर म्हणून असते. ‘आय हॅव नो हाऊस टू लिव्ह’ हे चूक, दुरुस्त करा, असा तो प्रश्न असतो.

हा नियम आला कुठून? कवी आणि नाटककार जॉन ड्रायडनने 1672 साली एका निबंधात बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ नाटकातली एक ओळ दोषी ठरवली, कारण ती ‘फ्रॉम’ या शब्दाने संपत होती. दोष का, हे त्याने सांगितले नाही. आपल्याही लेखनात तो नुकताच लक्षात आल्याचे मात्र कबूल केले आणि पुढे 1684 साली स्वतःच्या जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना अशी वाक्ये फिरवून लिहिली. त्या काळच्या विद्वानांसमोर आदर्श लॅटिनचा होता. लॅटिनमध्ये अशी रचना होत नाही, म्हणून इंग्रजीतही नको, असा विचार त्यामागे असावा.

पुढे 1762 साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचे व्याकरण आले. नियमाचे खापर बहुधा त्याच्यावरच फोडतात. पण तो फक्त एवढेच म्हणतो, की ही रचना बोलण्यात आणि साध्या लेखनात रुळलेली आहे, गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी घेतलेले अधिक शोभते. गंमत म्हणजे हे सांगणारे त्याचे वाक्यच एका ठिकाणी ‘टू’वर थांबते. पसंतीचा हा सल्ला वर्गांपर्यंत पोहोचता पोहोचता मनाई होऊन बसला. 1926 साली फाउलरने आपल्या प्रसिद्ध कोशात तिची गणना अंधश्रद्धांत केली, तरी ती वर्गातून गेली नाही.

लोकांनी कसे लिहावे हे ठरवते ते आदेशात्मक व्याकरण, आणि लोक प्रत्यक्षात कसे बोलतात-लिहितात ते पाहून त्यातले नियम शोधते ते वर्णनात्मक व्याकरण. काहीही चालते, असे दुसरे व्याकरण म्हणत नाही. उलट ते अधिक काटेकोर असते. ‘द हाऊस इन विच ही लिव्ह्ज’ चालते, ‘द हाऊस विच ही लिव्ह्ज इन’ही चालते. पण ‘विच’च्या जागी ‘दॅट’ आला, की ‘इन’ मागेच ठेवावा लागतो. ‘द हाऊस इन दॅट ही लिव्ह्ज’ असे कोणीही इंग्रजीभाषक म्हणत नाही. ‘द बेड वॉज नॉट स्लेप्ट इन’मधला ‘इन’ हलवायला तर जागाच नाही. मनाईचा नियम पाळणाऱ्याला ही वाक्ये टाळावी लागतात. दुरुस्त करता येत नाहीत.

मराठी मुलांच्या बाबतीत हा नियम नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. आपण ‘बसायला खुर्ची दे’, ‘लिहायला पेन दे’ म्हणतो. ‘मी बसलो होतो ती खुर्ची’ यातही ‘वर’ कुठे लागत नाही. म्हणून मूल सहज लिहिते, ‘गिव्ह मी अ चेअर टू सिट’, ‘द चेअर आय सॅट वॉज ब्रोकन’. ही मात्र खरी चूक आहे, कारण इंग्रजीत ‘सिट’ आणि ‘चेअर’ यांचे नाते ‘ऑन’शिवाय जुळत नाही. मराठीच्या सवयीने हा ‘ऑन’ गळतो आणि एखाद्या मुलाने तो लिहिलाच, तर वाक्याच्या शेवटी आला म्हणून आपण तो खोडतो.

ओळखायची रीत सोपी आहे. वाक्य मोडून साधे करा. ‘आय सॅट ऑन द चेअर’ यात ‘ऑन’ लागतो; मग जोडवाक्यातही तो कुठेतरी दिसलाच पाहिजे, पुढे किंवा मागे. ‘व्हेअर इज ही ॲट?’ या प्रश्नाला हीच कसोटी लावा. ‘ही इज देअर’ असे साधे उत्तर होते, त्यात ‘ॲट’ लागत नाही. म्हणून प्रमाण इंग्रजीत तो फाजील ठरतो. इथे आक्षेप ‘ॲट’ शेवटी येण्यावर नाही, तो तिथे असण्यावरच आहे.

औपचारिक पत्रात किंवा निबंधात ‘टू हूम’, ‘इन विच’ शोभतात, हे मुलांना जरूर सांगावे. तो शैलीचा भाग आहे. पण ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’ असे लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापू नका. गुण कापायचाच असेल, तर ज्या वहीत ‘फॉर’ गायब आहे तिथे कापा.