अठ्ठेचाळीस तासांची मुदत

7 मार्च 2017 रोजी अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली CVE-2017-5638 ही अतिगंभीर त्रुटी जाहीर झाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचा नियम होता, अशा त्रुटीवर पॅच 48 तासांत बसवायचा. किरकोळ त्रुटींना सवलत जास्त. 9 मार्चला ईमेल गेला, पण पत्त्यांची यादी जुनी. ज्यांनी पॅच बसवायचा त्यांना तो मिळालाच नाही. 15 मार्चच्या स्कॅनमध्येही तो सर्व्हर निसटला. गंमत अशी, की न सापडलेल्या सर्व्हरचं तिकीट उघडत नाही, मग मुदत टळल्याचा लाल रंग तरी कुठे दिसणार? मे महिन्यात चोर आत शिरले. जाणकार म्हणूनच तिकिटांची यादी सर्व्हरच्या यादीशी ताडून पाहतात आणि फेरस्कॅन केल्याशिवाय तिकीट बंद करत नाहीत.