महिन्याच्या मधेच नोकरी सुरू झाली तर पगार किती?

ऑगस्ट २०२६ची पहिली तारीख शनिवारी येते. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या एखाद्या कंपनीत कोणी त्या महिन्यात नव्याने लागणार असेल, तर ती व्यक्ती रुजू होईल सोमवारी, तीन तारखेला. शनिवार-रविवारी कार्यालयच बंद. म्हणजे त्या महिन्यात कामाचा एकही दिवस तिने चुकवलेला नाही. तरीही तिच्या हातात पूर्ण पगार पडेलच असे नाही. कंपनी महिना कसा मोजते यावर ते ठरते.

पगार ६२,००० रुपये धरू. तारखांप्रमाणे मोजणारी कंपनी म्हणेल, महिना ३१ दिवसांचा, दिवसाला २,००० रुपये. तीन तारखेपासून अखेरपर्यंत २९ दिवस, म्हणून ५८,००० रुपये. कामाचे दिवस मोजणारी कंपनी म्हणेल, शनिवार-रविवार वगळून ऑगस्टमध्ये २१ दिवस आहेत आणि ही मुलगी २१ही दिवस कामावर आहे, म्हणून पूर्ण ६२,०००. चार हजारांचा फरक पडला, पण फसवणूक कोणीच केलेली नाही. पहिल्या पद्धतीत मासिक पगार सुट्यांसकट सगळ्या दिवसांवर पसरलेला असतो, दुसऱ्या पद्धतीत तो फक्त कामाच्या दिवसांवर बसवलेला असतो. दिवस कमी म्हणून दुसऱ्या पद्धतीत एका दिवसाचा दर जास्त, ऑगस्टमध्ये सुमारे २,९५२ रुपये. सणाची भरपगारी सुटी सोमवार ते शुक्रवारात आली तर ती कामाच्या दिवसांतच धरायची.

दोन्ही पद्धती न्याय्य आहेत, पण एका अटीवर. जे दिवस भागाकारात खाली लिहिले, तेच वर मोजायचे. पगारपत्रकातल्या बहुतेक चुका इथेच होतात. समजा ती १७ ऑगस्टला, सोमवारी रुजू झाली. तारखांप्रमाणे ३१ पैकी १५ दिवस, म्हणजे ३०,००० रुपये. कामाच्या दिवसांप्रमाणे २१ पैकी ११, म्हणजे ३२,४७६ रुपये. आता हिशेब करणाऱ्याने दर काढला ३१ने भागून आणि हजेरीपटावरून दिवस मोजले ११, तर हातात येतात २२,०००. कुठलीही पद्धत धरली तरी हे कमीच आहेत. रविवार खाली धरला आणि वर सोडला, एवढीच ती चूक. पण नव्या माणसाच्या पहिल्याच पगारातून आठ हजार गेले.

अशी चूक ओळखायची एक साधी कसोटी आहे. त्याच जागेवरचा आधीचा माणूस १६ तारखेपर्यंत होता आणि १७पासून ही आली, असे धरा. पगार दोघांचा सारखा. मग दोघांच्या रकमांची बेरीज बरोबर एका महिन्याच्या पगाराएवढी यायला हवी. तारखांप्रमाणे ३२,००० अधिक ३०,००० म्हणजे ६२,०००. कामाच्या दिवसांप्रमाणे २९,५२४ अधिक ३२,४७६, पुन्हा ६२,०००. चुकीच्या हिशेबात मात्र जाणाऱ्याला १० दिवसांचे २०,००० आणि येणारीला २२,०००. खुर्ची महिनाभर भरलेली होती, पण २०,००० रुपये कोणालाच मिळाले नाहीत.

दोनच पद्धती असत्या तर गोष्ट इथे संपली असती. पण अनेक कारखान्यांत आणि दुकानांत महिना कुठलाही असो, २६ने भागायची रीत आहे. चार रविवार वगळले की साधारण २६ दिवस उरतात, हा तिचा आधार. ग्रॅच्युइटीच्या १९७२च्या कायद्यातही हाच आकडा होता. ग्रॅच्युइटीसाठी मासिक पगाराला २६ने भागून १५ने गुणतात आणि ते कामगाराच्या फायद्याचेच आहे, कारण ३०ने भागले असते तर पंधरा दिवसांची रक्कम कमी भरली असती. पण ग्रॅच्युइटीचा हिशेब पूर्ण वर्षांचा असतो. एका ठरावीक महिन्याचे तुकडे करताना हाच आकडा दगा देतो.

फेब्रुवारी २०२६ घ्या. महिना २८ दिवसांचा, रविवार चार आणि पहिली तारीखच रविवारी. आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या कारखान्यात कामाचे दिवस झाले २४. महिना २६,००० रुपयांवर एक कामगार सोमवारी, दोन तारखेला लागला आणि एकही खाडा न करता २४ दिवस राबला. दिवसाला १,००० रुपये धरून त्याच्या हातावर २४,००० ठेवले जातात. शेजारच्या यंत्रावरचा जुना कामगार तेवढेच २४ दिवस येऊन पूर्ण २६,००० घेतो, कारण त्याचा फक्त खाडा कापतात आणि खाडा तर शून्य. हा अन्याय आहे, आणि रीत जुनी आहे म्हणून तो चालवून घेऊ नये.

यावर काही जण म्हणतात, मग नव्या माणसाचेही हजर दिवस मोजू नका, गैरहजर दिवस वजा करा. फेब्रुवारीत त्याने काम भागते. पण ३०ने भागणारी कंपनी वजाबाकीवर आली आणि कोणी ३१ ऑगस्टला, सोमवारी रुजू झाला, तर त्याचे न भरलेले दिवस ३० होतात. तिसातून तीस गेले, एका दिवसाच्या कामाचा पगार शून्य! भाजक कायम ठेवला की कुठल्या ना कुठल्या महिन्यात तो असा अडतोच. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की भाजक त्या त्या महिन्याचाच हवा, आणि शक्य असेल तिथे तारखांप्रमाणे. साप्ताहिक सुटी कोणाची कधी, पाळीत बदल झाला का, हे काहीच बघावे लागत नाही आणि कामगाराला कॅलेंडर समोर धरून स्वतःची रक्कम पडताळता येते.

खाड्याच्या कपातीबाबत कायद्याने मर्यादा घातलेली आहे. १९३६च्या वेतन अदायगी कायद्यात होते आणि २०१९च्या वेतन संहितेत आहे ते असे: त्या वेतन-कालावधीत जेवढे काम करणे बंधनकारक होते, त्याच्याशी गैरहजेरीचे जे प्रमाण पडते, त्याहून मोठे प्रमाण पगारातून कापता येत नाही. ही तरतूद गैरहजेरीची आहे, पण कामाच्या दिवसांचा भागाकार कसा असावा हे तिच्यातून नीट समजते. ज्या महिन्याचा पगार, त्याच महिन्याचे दिवस.

मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता हे सगळे एकाच प्रमाणात कमी व्हायला हवेत. व्यवसाय कर मात्र दिवसांनुसार कमी होत नाही, तो त्या महिन्यात मिळालेल्या पगारावर ठरतो. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत हा कर नाही. म्हणून ३१,००० पगाराची मुलगी १७ ऑगस्टला लागली आणि तिला १५,००० मिळाले, तर त्या महिन्यात तिचा व्यवसाय कर कापायचा नाही. ३०,००० मिळालेल्या पहिल्या मुलीचे पूर्ण २०० रुपये जातील.

नोकरी सोडणाऱ्याने पत्रावरची शेवटची तारीख बघावी. तारखांप्रमाणे मोजणाऱ्या कंपनीत २८ ऑगस्टचा शुक्रवार लिहिला तर ५६,००० रुपये, आणि सोमवार ३१ तारीख लिहून त्या दिवशी कामावर गेला तर पूर्ण ६२,०००. एका दिवसाच्या हजेरीने मधला शनिवार-रविवारही पदरात पडतो. नव्या माणसानेही नेमणूकपत्रावर सही करण्याआधी रुजू होण्याची तारीख पहिली घालता येईल का, हे एचआरला विचारावे. कामाचा पहिला दिवस सोमवारच असला तरी काही कंपन्या ते मान्य करतात. आणि हिशेब अडवून ठेवला जात असेल तर हे माहीत असावे की वेतन संहितेप्रमाणे राजीनामा देणाऱ्याचेही राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते.