फवारा पानाच्या मागे

चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा वाढली, की पान उलटून पाहावे. मागे काळा मावा दाटीने बसलेला सापडतो. तो रस शोषतो आणि चिकट गोड द्रव टाकतो. मुंग्या येतात त्या या गोडासाठी. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी चढते. वांगी-भेंडीवरची पांढरी माशीही पानामागेच राहते. झाड हलवल्यावर भुरकन उडतात त्या मोठ्या माश्या. पिल्ले मात्र खवल्यासारखी पानाला चिकटून रस पीत असतात. पानांवर वरवर मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

साबण ओला असेपर्यंतच काम करतो. मऊ अंगाच्या किडीवरचा मेणाचा थर तो मोडतो, पण वाळला की त्याचा जोर संपतो. कडुनिंबाचे तसे नाही. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनमुळे कीड खाणे सोडते आणि तिला नीट कात टाकता येत नाही. हे व्हायला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या म्हणून औषधाचे प्रमाण वाढवू नका, पाने करपतील.

चवळीसाठी ५० ग्रॅम वाळक्या निंबोळ्या कुटून फडक्यात पुरचुंडी बांधा आणि अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ती पिळून पिळून पांढरट अर्क काढा, गाळा आणि पाणी घालून एक लिटर करा. हा झाला ५ टक्के निंबोळी अर्क. त्यात दोन-तीन ग्रॅम साधा साबण विरघळवा. निंबोळ्या नसतील तर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल चालते, पण ते आधी साबणाच्या पाण्यात घोटून घ्या, नाहीतर ते वर तरंगते आणि पानाला डाग पडतात. कपड्यांची पावडर वापरू नका. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी ते पाहा.

फवारणी त्याच दिवशी संध्याकाळी करा. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते, शिवाय मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. पान हाताने उलटून थेंब गळेपर्यंत भिजवा. अंडी यातून वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारायचे. पानावर मावा खाणाऱ्या लेडीबर्डच्या अळ्या दिसल्या तर थांबा. साबण त्यांनाही मारतो.

अळीचे गणित वेगळे. लिंबावरची किंवा कढीपत्त्यावरची अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तेव्हा कडुनिंब उपयोगी पडते. ती हिरवी आणि बोटाएवढी झाली की हाताने वेचावी. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा अळी आत शिरलेली असते. तिथे फवारा पोचत नाही, शेंडा खालून कापून नष्ट करावा.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला केवडा रोग. त्यावर कडुनिंबाचा इलाज नाही. ते झाड लगेच उपटा, म्हणजे शेजारची भेंडी वाचण्याची शक्यता राहते.