मुलाखतीआधीचा तास

दिल्लीत शाहजहान रोडवर धोलपूर हाउस आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची, म्हणजे यूपीएससीची, ही इमारत इंडिया गेटपासून जवळच. नागरी सेवा परीक्षेच्या मुलाखती सुरू असतात त्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास तिच्या फाटकाबाहेर तरुण मुलामुलींची गर्दी जमते. कोणाचा कोट नवा कोरा असतो, कोणी साडीवर शाल घेतलेली असते, आणि हातातली प्रमाणपत्रांची फाइल कोणीही खाली ठेवत नाही. सोबत आलेले आईवडील जरा लांब उभे असतात.

या गर्दीतले दोन उमेदवार डोळ्यांसमोर आणू. ते काल्पनिक आहेत, पण अशी जोडी तिथे सहज भेटेल. एक नांदेडची. तिचा मुलाखतीचा हा दुसरा टप्पा. मागच्या वेळी ती इथवर आली होती, अंतिम यादीत मात्र नाव लागलं नव्हतं. दुसरा साताऱ्याकडचा, इंजिनिअर झालेला, इथे पहिल्यांदाच आलेला. तिने ओल्ड राजेंद्र नगरच्या खोलीतून फ्लास्क भरून आणलाय. मराठी बोलणं कानावर पडलं म्हणून ती वळते.

"चहा घेणार का? एवढ्या थंडीत किती वेळ असेच उभे राहणार?"

"अर्धा चालेल, ताई. हात थरथरतायत. थंडीने की भीतीने, तेच कळत नाही."

"माझेही थरथरतायत. झाकण घट्ट धरा."

पुढचा तासभर या दोघांच्या शरीरात आणि मनात जे घडणार आहे, त्याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी गेली साठ-पासष्ट वर्षं केला आहे. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी मुलाखतीच्या तयारीत जवळजवळ कोणी शिकवत नाही.

आधी भीतीकडे पाहू. प्रयोगशाळेत माणसावर ताण आणायचा असेल, तर जगभरचे संशोधक एक ठरलेली पद्धत वापरतात. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात ती तयार झाली आणि तिच्या केंद्रस्थानी आहे नोकरीची खोटी मुलाखत. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग परीक्षकांसमोर उभं करून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावायचं. परीक्षकांनी हसायचं नाही, मानही हलवायची नाही. शेवटी त्यांच्यासमोरच तोंडी वजाबाक्या करायला सांगायच्या. एवढ्याने लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, दोन ते चार पट चढलेलं दिसलं. २००४ साली दोन अमेरिकी संशोधिकांनी अशा दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढतं, असं त्यांना आढळलं. एक, दुसरं कोणीतरी आपली पारख करतंय. आणि दोन, परिणाम आपल्या हातात नाही.

धोलपूर हाउसच्या फाटकाशी या दोन्ही गोष्टी हजर असतात. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ अशा २०२५ गुणांवर निकाल लागतो. जागांच्या साधारण दुप्पट उमेदवारांना मुलाखतीला बोलावतात, म्हणजे इथवर आलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास उमेदवार रिकाम्या हाताने परतणार. समोर कोणतं बोर्ड येईल हेही आधी कळत नाही. साताऱ्याच्या मुलाचे हात थरथरतात ते यामुळे. त्याची तयारी कमी पडली असा त्याचा अर्थ होत नाही.

मग तो अनोळखी मुलीजवळ जाऊन का उभा राहतो? एकटं, शांत उभं राहणं त्याला का जमत नाही?

स्टॅन्ली शॅक्टर या मानसशास्त्रज्ञाने याचं उत्तर शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर प्रयोग केले. १९५९ साली ते पुस्तकरूपाने आले. काही जणींना त्याने सांगितलं, की तुम्हाला विजेचे वेदनादायक झटके बसणार आहेत. काहींना सांगितलं, की नुसत्या गुदगुल्या झाल्यासारखं वाटेल. मग विचारलं, यंत्र तयार होईपर्यंत एकटं थांबायचंय की इतरांसोबत? झटका प्रत्यक्षात कोणालाच द्यायचा नव्हता. जास्त घाबरलेल्या ३२ जणींपैकी २० जणींनी सोबत मागितली, कमी घाबरलेल्या ३० पैकी फक्त १० जणींनी. यापुढचा प्रयोग तर जास्तच बोलका आहे. त्यात घाबरलेल्या काही मुलींपुढे वेगळी सोबत ठेवली होती: आपल्या प्राध्यापकांना भेटायला आलेल्या, या प्रयोगाशी संबंध नसलेल्या विद्यार्थिनी. ती सोबत एकीनेही निवडली नाही. घाबरलेल्या माणसाला सोबत हवी असते ती त्याच संकटात असलेल्याची.

फाटकाबाहेर लांब उभ्या असलेल्या आईवडिलांना हे वाचून वाईट वाटू नये. मुलगा त्यांच्याशी दोन शब्द बोलत नाही आणि परक्या मुलीशी अर्धा तास बोलतो, यात प्रेम कमी झाल्याची काही गोष्ट नाही. त्याची भीती खरी किती आणि उगाच किती, हे त्याला ताडून पाहायचं असतं, आणि आज ते माप फक्त दुसऱ्या उमेदवाराकडे आहे.

त्या मापाचा परिणाम शरीरातही दिसतो. २०१४ साली सारा टाउनसेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थिनींच्या जोड्या घेतल्या. दोघींनाही कॅमेऱ्यासमोर भाषण करायचं होतं. त्याआधी दोघींना एकत्र बसवून, मनात काय चाललंय ते एकमेकींना सांगायला लावलं. ज्या जोड्यांमध्ये दोघींच्या भावना एकमेकींशी जास्त जुळत होत्या, त्यांच्यात कॉर्टिसॉल कमी वाढलं आणि ताणही कमी जाणवला. म्हणून "माझेही थरथरतायत" हे तिचं वाक्य "घाबरू नका" म्हणण्यापेक्षा उपयोगाचं आहे. प्रयोग लहान होता, प्रयोगशाळेतला होता. अशा गप्पांनी गुण वाढतात असं तो सांगत नाही. ताण हलका होतो, एवढंच तो दाखवतो.

आता त्या दोघांचं बोलणं पुन्हा ऐकू. इथे त्याला दोन वाटा फुटतात.

"ताई, कालच्या बोर्डाने एकाला आर्थिक पाहणी अहवालातले आकडे विचारले म्हणे. तुमचे पाठ आहेत का?"

ही वाट घातक आहे. तिने दोन आकडे सांगितले आणि त्याला ते आठवले नाहीत, की पुढचे दोन तास त्याच्या डोक्यात तेच फिरणार. भीती जशी वाटून हलकी होते, तशी ती एकाकडून दुसऱ्याकडे लागतेही. ओळखायची खूण सोपी आहे: बोलणं संपल्यावर फाइल उघडून काहीतरी शोधावंसं वाटलं, तर बोलणं चुकीच्या दिशेने गेलं होतं.

ती आकडे सांगत नाही. "ते राहू दे आता. आत काय होतं ते सांगते तुला," असं म्हणत ती तुम्हीवरून तूवर येते आणि क्रम सांगते. फोन आत चालत नाही. आधी कागदपत्रं तपासतात. मग हॉलमध्ये गटागटाने बसवतात. एका बोर्डाकडे एका सत्रात पाच-सहा जण असतात, प्रत्येकाला साधारण अर्धा तास. "म्हणजे तुझा नंबर शेवटचा लागला, तर दुपारचे बारा वाजून जातील. पहिला लागला तर विचार करायलाही वेळ मिळणार नाही. दोन्हीची तयारी ठेव. आत गेलास की मधे अध्यक्ष, बाजूला चार सदस्य. तुझा डीएएफ त्यांच्यापुढे असतो, मेन्सचे गुण नसतात."

"आणि मराठीतून द्यायची असेल तर?"

"मेन्स मराठीतून लिहिली असशील तर देता येते. दुभाषी असतो. आणि एक ऐक, मुलाखतीत पास-नापास नसतं. किमान गुणांची अटच नाही. जे मिळतील ते मेन्सच्या गुणांत मिळवायचे."

या माहितीची ताकद जेम्स कुलिक आणि हाइक माहलर या संशोधकांनी रुग्णालयात तपासली होती. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांना त्यांनी पाहिलं. काहींच्या खोलीत शस्त्रक्रिया व्हायची असलेला सोबती होता, काहींच्या खोलीत झालेला. ज्यांचा सोबती त्यातून गेलेला होता, त्यांची आधीची चिंता कमी होती, शस्त्रक्रियेनंतर ते जास्त चालले-फिरले आणि घरी लवकर गेले. हा अभ्यास १९८७ सालचा. शॅक्टरच्या निष्कर्षात त्याने मोलाची भर घातली: सोबती त्याच वाटेवरचा असावा, आणि जमल्यास एक पाऊल पुढे गेलेला असावा. नांदेडची मुलगी नेमकी तशी आहे. तिला वाटतं, आपण मागच्या वर्षी हरलो. या फाटकाशी तिचा तो अनुभव सगळ्यांत कामाचा आहे.

राहिला चहा. एका कपात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफीन असतं. ते अर्ध्या ते एका तासात रक्तात सर्वाधिक चढतं आणि त्यातलं निम्मं उतरायला पाचएक तास लागतात. साडेआठला घेतलेला अर्धा कप सकाळच्या सत्राला बेताचा आहे. ज्याला रोज चहाची सवय आहे, त्याने नेमका याच दिवशी तो सोडला तर डोकं दुखू शकतं. पण धीर यावा म्हणून एकामागून एक तीन कप घेतले, तर आधीच धडधडणारी छाती जास्त धडधडते आणि ती कॅफीनची धडधड आपण भीतीची समजतो. शिवाय थंडी, ताण आणि चहा एकत्र आले की लघवीला वारंवार लागते. नाव पुकारण्याआधी जाऊन आलेलं बरं, हेही एखाद्या अनुभवी उमेदवाराने सांगितलं तरच नवख्याला कळतं.

आत दोघांना एकच बोर्ड मिळेल असं नाही. वेगळी मिळाली, तर दुपारपर्यंत त्यांची भेटही होणार नाही. एकाच यादीसाठी झगडणारे दोघे एकमेकांना मदत करतात हे काहींना भाबडं वाटेल. पण देशभरातल्या हजारो उमेदवारांत शेजारच्या एकाची भीती वाढवून कोणाचा क्रमांक वर जात नाही. स्वतःची भीती मात्र बोलण्याने उतरते. हिशेबाने पाहिलं तरी चहा पुढे करणंच फायद्याचं आहे.

पुण्यात, मुंबईत आणि दिल्लीत मॉक मुलाखती घेणाऱ्यांनी यातलं एक काम जरूर करावं. आज मॉकला मुलगा वेळ घेऊन येतो, लगेच आत जातो, प्रश्नांना उत्तरं देतो आणि अभिप्राय घेऊन निघतो. खऱ्या दिवसाचा मोठा भाग, दोन-तीन तासांचं थांबणं, त्यात कुठेच नसतो. पाच जणांना एकाच वेळी बोलवा, फोन काढून घ्या, क्रम सांगू नका, त्यांच्यात मागच्या वर्षी मुलाखत दिलेला एक जण बसवा, आणि शेवटच्या उमेदवाराला खरोखर दोन तास थांबू द्या.