मसुद्यावर गप्प बसलेला संचालक

फेब्रुवारी 2001 मध्ये जेम्स हार्डी या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक झाली. ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांना भरपाई देण्यासाठी कंपनी वेगळा निधी उभारत होती आणि त्यात पुरेसे पैसे आहेत, असे तिने शेअर बाजाराला कळवले. पुढे निधी फारच तोकडा असल्याचे उघड झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. हे निवेदन आपल्यापुढे मंजुरीला आलेच नव्हते, असा बिगर-कार्यकारी संचालकांचा बचाव होता. पण ते बैठकीत मांडून मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात होती, आणि तेच इतिवृत्त मंडळाने एप्रिलच्या बैठकीत बरोबर म्हणून स्वीकारले होते. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदीलाच वजन दिले. संचालक हरले.

इतिवृत्त पक्के होण्याआधी ते नीट वाचण्याची संधी भारतात प्रत्येक संचालकाला मिळते. ती देणारे पत्र कंपनी सेक्रेटरी पाठवतो. मजकूर साधारण असा: ‘4 जुलै रोजी झालेल्या बैठकीच्या इतिवृत्ताचा मसुदा सोबत जोडला आहे. आपल्या सूचना 26 जुलैपर्यंत लेखी कळवाव्यात. तोपर्यंत काही न कळवल्यास मसुदा आपल्याला मान्य आहे असे समजले जाईल.’

या तारखा सेक्रेटरीच्या मर्जीच्या नसतात. संचालक मंडळाच्या बैठकांसाठी एसएस-1 नावाचे मानक आहे. त्यानुसार बैठकीनंतर 15 दिवसांत मसुदा सगळ्या संचालकांकडे गेला पाहिजे, म्हणजे आपल्या उदाहरणात 19 जुलैपर्यंत. पुढचे 7 दिवस संचालकांचे. 30 दिवसांच्या आत, म्हणजे 3 ऑगस्टपर्यंत, इतिवृत्त वहीत नोंदवावेच लागते. बैठकीला गैरहजर असलेल्या संचालकालाही मसुदा जातो. बैठकीनंतर राजीनामा देऊन बाहेर पडलेल्यालाही तो मिळण्याचा आणि त्यावर बोलण्याचा हक्क असतो.

उत्तरात काय लिहावे, इथे बरेच संचालक चुकतात.

समजा, 4 जुलैच्या बैठकीत उपकंपनीच्या कर्जाला हमी देण्याचा ठराव आला. एका स्वतंत्र संचालिकेने विचारले, ‘तारण मालमत्तेचे मूल्यांकन दोन वर्षांपूर्वीचे आहे, नवे का नाही?’ समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून तिने विरोध नोंदवला. मसुद्यात मात्र एवढेच आले: ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव संमत झाला.’ ठरावाला विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकाचे नाव इतिवृत्तात यायलाच हवे, असे कंपनी कायद्याचे कलम 118 सांगते. स्वतंत्र संचालकाच्या शंकेचे निरसन झाले नाही, तर ती नोंदवण्याचा आग्रह त्याने धरावा, असे त्यांच्या आचारसंहितेतही आहे. पुढे कर्ज बुडाले, तर ‘माझी संमती नव्हती’ हे दाखवायला हीच नोंद कामी येते.

तिचे उत्तर दोन ओळींचे पुरे: ‘परिच्छेद 6 मध्ये मूल्यांकन जुने असल्याची माझी हरकत आणि ठरावाला असलेला माझा विरोध नोंदवावा.’ सेक्रेटरी ते बैठकीतल्या आपल्या टिपणांशी ताडून पाहतो आणि अध्यक्षांपुढे ठेवतो.

दुसऱ्या संचालकाने बैठकीत ठरावाला पाठिंबा दिला आणि आठवड्याने त्याला धाकधूक वाटू लागली. आता आपलाही विरोध लिहा, असे तो कळवतो. हे मात्र मान्य करता येत नाही. इतिवृत्तात बैठकीत घडले तेवढेच येते. नंतर बदललेले मत मांडायचे तर पुढची बैठक आहे.

अंतिम मजकुरात अध्यक्षांचा अधिकार मोठा असतो. बदनामीकारक, असंबद्ध किंवा कंपनीच्या हिताला बाधक वाटणारा मजकूर ते वगळू शकतात. 7 दिवसांनंतर आलेल्या सूचना विचारात घ्यायच्या की नाही, हेही तेच ठरवतात. म्हणूनच मसुदा कधी पाठवला आणि कोणाला पोचला, याचा पुरावा कंपनीला किमान तीन वर्षे सांभाळावा लागतो. ‘मला मेल मिळालाच नाही’ हा वाद त्यावरूनच मिटतो.

वहीत नोंद झाली की खाडाखोड संपली. अध्यक्ष प्रत्येक पानावर आद्याक्षरी करतात आणि शेवटच्या पानावर सही करून तारीख व ठिकाण लिहितात. मजकूर आणि सही यांच्यात जागा उरली तर ती रेघ मारून बंद करतात. त्यानंतर चूक सापडलीच, तर ती पुढच्या बैठकीत मंडळाच्या स्पष्ट मंजुरीनेच दुरुस्त होते. इतिवृत्तात फेरफार केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार ते 1 लाख रुपये दंड होऊ शकतो.