पंप दाब देत नाही

बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या मराठी मेंटेनन्सवाल्यासाठी हायड्रॉलिक प्रेसचं मॅन्युअल मराठीत उतरवताना ‘पंप दाब देतो’ असं लिहू नका. पंप तेल ढकलतो. दाब वाढतो तो वाटेत अडथळा आल्यावर. ‘अ‍ॅक्च्युएटर’ऐवजी सिलिंडर किंवा हायड्रॉलिक मोटर, जे असेल ते लिहा. रिलीफ व्हॉल्व्ह एरवी बंद असतो. १६० बारला सेट असेल, तर तेवढा दाब झाल्यावर उघडून तेल टाकीत सोडतो. तो अर्धवट उघडा अडकला, की पंप फिरतो, पण प्रेस जोर धरत नाही आणि व्हॉल्व्हपासून टाकीकडे जाणारा पाइप तापतो. अ‍ॅक्युम्युलेटरला ‘टाकी’ म्हणणं मात्र धोक्याचं. पंप बंद केला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमधलं तेल नायट्रोजनच्या दाबाखालीच असतं. पाइप खोलण्यापूर्वी ते टाकीत सोडा, गेज शून्यावर आलेला पाहा; हे वाक्य ठळक छापा.