उणे अठ्ठेचाळीस जपून ठेवणारी रीत

एका ओळीत आठ संख्या मांडल्या आहेत: २, ३, −२, ४, −१, ०, −५, −१०. त्यातला एखादा सलग तुकडा निवडायचा, मधली एकही संख्या गाळायची नाही, आणि तुकड्यातल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा. सर्वांत मोठा गुणाकार कोणत्या तुकड्याचा? पहिल्या नजरेला २ आणि ३ यांचे ६ दिसतात, आणि पुढे उणे दोन आल्यावर बहुतेक जण तिथेच थांबतात. पण पहिल्या पाचही संख्या एकत्र घेतल्या, तर दोन उणे एकमेकांना फेडतात आणि ४८ हाती येतात. शून्याच्या पलीकडे उरल्या आहेत फक्त −५ आणि −१०. दोन्ही उणे, आणि तरी खरं उत्तर त्यांच्याकडेच आहे: ५०.

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या प्रोग्रॅमरना हे कोडं ‘मॅक्झिमम प्रॉडक्ट सबअ‍ॅरे’ या नावाने भेटतं. प्रत्येक तुकडा तपासून पाहणं हा त्यावरचा सरळ उपाय. आठ संख्यांचे ३६ तुकडे होतात, तेवढे कागदावरही जमतील. संख्या एक लाख असतील, तर मात्र तुकड्यांची गणती ५०० कोटींच्या वर जाते. म्हणून ओळीवरून एकदाच चालत जाऊन उत्तर सांगणारी रीत हवी.

बेरजेसाठी अशी रीत आधीच तयार होती. १९७७मध्ये ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनांडर चित्रांमधले नमुने ओळखण्याच्या कामात सर्वांत मोठ्या बेरजेचा तुकडा शोधत होते. तो प्रश्न कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात मांडला गेला, आणि तिथे बसलेल्या संख्याशास्त्रज्ञ जे कडेन यांनी मिनिटभरात रीत सुचवली. जॉन बेंटली यांनी १९८४मध्ये आपल्या सदरात ही हकिकत सांगितली. कडेन यांचा विचार साधा आहे. ओळीवरून चालताना ‘इथे संपणाऱ्या तुकड्यांतली सर्वांत मोठी बेरीज’ एवढी एकच गोष्ट सोबत ठेवायची. मागून आलेली बेरीज शून्याच्या खाली गेली, की ती टाकून नव्याने सुरुवात करायची.

बेरजेत हे चालतं, कारण तिथे क्रम बदलत नाही. दोघांच्या खिशात कमीजास्त पैसे असतील आणि दोघांनाही दहा रुपये दिले किंवा दोघांकडून दहा काढून घेतले, तरी पुढचा पुढेच राहतो. गुणाकारात ही हमी फक्त धन संख्या देते. ऋण संख्येने गुणलं, की ओळ उलटी होते: सर्वांत मोठा तळाला जातो आणि सर्वांत लहान माथ्यावर येतो. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या गुणाकाराचे नियम नोंदवले. दोन ऋणांचा गुणाकार धन आणि शून्याने गुणलेलं सगळं शून्य, हे त्यात आहे. ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थ मराठीत आजही जिवंत आहे. या कोड्यात सर्वांत मोठं कर्ज हीच पुढच्या उणे संख्येपर्यंत जपायची ठेव ठरते.

म्हणून सोबत दोन संख्या ठेवायच्या: इथे संपणाऱ्या तुकड्यांतला सर्वांत मोठा गुणाकार आणि सर्वांत लहान गुणाकार. पुढची संख्या आली, की तीन उमेदवार उभे राहतात: ती संख्या एकटी, ती गुणिले मागचा मोठा आणि ती गुणिले मागचा लहान. त्यांतला सर्वांत मोठा हा नवा मोठा आणि सर्वांत लहान हा नवा लहान. मधल्या गुणाकारांची आठवण ठेवायला लागत नाही, कारण ओळ सरळ राहो वा उलटी होवो, मधले मधेच राहतात.

आपल्या ओळीवर चालून पाहू. २ आणि ३ नंतर मोठा ६, लहान ३. मग −२ येतो. उमेदवार −२, −१२ आणि −६. म्हणून मोठा −२, लहान −१२. ४ आल्यावर मोठा ४ होतो आणि लहान आणखी खोल, −४८पर्यंत जातो. आतापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर अजून ६च आहे, आणि एवढ्या खोल संख्येचं ओझं कशाला वाहायचं असं वाटण्याची हीच जागा. पुढच्याच पावलाला −१ येतो आणि −४८चे ४८ होतात.

नंतर शून्य. तिन्ही उमेदवार शून्य, मागचं सगळं पुसलं जातं. आपलं उत्तर ४८ मात्र वेगळ्या जागी नोंदलेलं असल्यामुळे शाबूत राहतं. −५ आल्यावर मोठा ०, लहान −५. शेवटी −१० आल्यावर उमेदवार −१०, ० आणि ५०. उत्तर ५०. फक्त मोठा गुणाकार जपणारी रीत याच ओळीवर ६ सांगून थांबली असती.

पायथन भाषेत हे एवढ्यात मावतं:

```python
def max_product(a):
    hi = lo = best = a[0]
    for x in a[1:]:
        c = (x, hi * x, lo * x)
        hi, lo = max(c), min(c)
        best = max(best, hi)
    return best
```

यातली चौथी ओळ महत्त्वाची आहे. तिन्ही उमेदवार आधी बाजूला काढून ठेवले आहेत आणि मगच `hi` व `lo` बदलले आहेत. अनेक जण आधी `hi` बदलतात आणि तोच नवा `hi` वापरून `lo` काढतात. मग आपल्या ओळीत −२पाशी लहान −१२ऐवजी −६ येतो, पुढे −४८ऐवजी −२४, आणि पाच संख्यांअखेर ४८च्या जागी २४. आठही संख्या दिल्या, तर ही चूक दिसतच नाही, कारण मधल्या शून्याने ती पुसून टाकलेली असते आणि उत्तर बरोबर ५० येतं. म्हणून प्रोग्रॅम तपासताना शून्य नसलेली, दोन उणे संख्यांची ओळ वेगळी द्यावी लागते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे `best`ची सुरुवात ०पासून करणं. ओळीत एकटा −३ असेल, तर उत्तर −३ हवं. असा प्रोग्रॅम मात्र ओळीत नसलेलं शून्य सांगतो.

कागदावर पडताळण्यासाठी एक आडवाट आहे. शून्यांपाशी ओळ तोडायची आणि प्रत्येक भागातल्या उणे संख्या मोजायच्या. त्या सम असतील, तर तो भाग पूर्ण घ्यायचा. विषम असतील, तर सुरुवातीपासून पहिल्या उणेपर्यंतचा भाग सोडून एकदा आणि शेवटच्या उणेपासून पुढचा भाग सोडून एकदा गुणाकार करून पाहायचा. हे पूर्णांकांनाच लागू पडतं. ओळ ०.५ आणि ४ अशी असेल, तर पूर्ण गुणाकार २ येतो आणि एकटा ४ त्याहून मोठा ठरतो. तीन उमेदवारांची रीत तिथेही चुकत नाही.

ती अडखळते संगणकाच्या मर्यादेपाशी. जावातला ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७च्या पुढे जात नाही. ओळीत नुसते ३१ दोन असतील, तर खरा गुणाकार या मर्यादेपेक्षा फक्त एकने मोठा आहे. पण शेवटच्या पावलावर जावा तो न कुरकुरता उणे करते. एकही उणे नसलेल्या ओळीत मोठ्याची आणि लहानाची जागा बिघडते आणि पडद्यावर १,०७,३७,४१,८२४ येतं, म्हणजे बरोबर निम्मं उत्तर. ६४ बिटांचा `long` घेतला, की हीच गडबड ६३व्या दोनपाशी होते. पायथनच्या पूर्णांकांना अशी ठरावीक मर्यादा नाही, त्यामुळे वरचा प्रोग्रॅम दोन्ही ओळींवर खरं उत्तर देतो.